पगार चौदाला होईल

पगार उशिरा होणार असल्याची सूचना हा मराठी गद्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्याचा लेखक कधी पुढे येत नाही, पण वाचक मात्र शंभर टक्के मिळतात. ‘हेल्मेट वापरा’, रक्तदान शिबिर, सुरक्षा सप्ताहाची घोषवाक्यं ही मंडळी फलकावर वर्षानुवर्षं पिवळी पडतात आणि कोणी ढुंकूनही बघत नाही. पगाराची सूचना मात्र शिपाई दुसरी टाचणी शोधत असतानाच वाचून झालेली असते. तिचा फोटो निघतो आणि शिपाई जिना उतरायच्या आत तो गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर पोचतो. टपरीवाला तो कोणत्याही कर्मचाऱ्यापेक्षा जास्त मन लावून वाचतो, कारण उधारीची वही त्याच्याकडे असते.

मी भोसरी एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. नाव सांगत नाही, कारण माझा पुढचा पगारही तिथेच व्हायचा आहे. दिवाळी अंकांत माझ्या दोन-चार कथा छापून आल्यामुळे कंपनीतलं सगळं ‘लिखाण’ माझ्याकडे येतं. खंडेनवमीचं निमंत्रण, निवृत्त होणाऱ्यांचं मानपत्र, ‘वॉश बेसिनमध्ये चहाचा चोथा टाकू नये’ ही माझी साहित्यसेवा. त्यामुळे ३ ऑगस्टला, सोमवारी, एचआरच्या मॅडमनी बोलावलं तेव्हा मला वाटलं, स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाची सूचना असेल. मॅडमनी दार लावून घेतलं. झेंडावंदनासाठी कोणी दार लावून घेत नाही.

“पगार पुढे जातोय,” त्या म्हणाल्या. “मागे एकदा गेला होता तेव्हाची सूचना फाइलला आहे. तीच काढा, फक्त तारीख बदला.”

मी फाइल उघडली. सूचना अशी होती :

“सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे चालू महिन्याचे वेतन होण्यास थोडा विलंब होण्याची शक्यता आहे. वेतन लवकरात लवकर अदा करण्याचे प्रयत्न युद्धपातळीवर सुरू आहेत. आपण सर्व एक कुटुंब आहोत. कोणीही अफवांवर विश्वास ठेवू नये. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. – व्यवस्थापन.”

तारीख बदलायची तर आधी ती सापडायला हवी. पगार कधी होणार याची तारीख त्यात कुठेच नव्हती. वरच्या कोपऱ्यात एक ‘दि. ८’ होतं, ते सूचना लावल्याचं. म्हणजे पगार सातला व्हायचा, तो झाला नाही, आणि आठला सूचना सांगते आहे की विलंब होण्याची ‘शक्यता’ आहे. पाऊस पडून घरात गुडघाभर पाणी शिरल्यावर आकाश अंशतः ढगाळ राहील म्हणावं, तसं.

त्या वेळी मी फलकापाशी उभा होतो, म्हणून सांगतो, त्या पाच वाक्यांतलं एकही कोणी सरळ वाचलं नव्हतं. ‘तांत्रिक कारण’ वाचून प्रेसशॉपमधल्या एकाने तिथल्या तिथे भावाला फोन लावला. भाऊ तीन गल्ल्या सोडून दुसऱ्या कंपनीत, आणि दोन्ही कंपन्यांचं खातं एकाच बँकेत. त्याचा पगार आदल्या दिवशीच झाला होता. बँकेचा सर्व्हर बंद पडला असेल, ही समजूत तिथेच संपली. पूर्वी ‘मधे रविवार आला’ हे तरी खपायचं. आता तेही गेलं. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी रात्रंदिवस चालते, डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चालते, आणि बहुतेक कंपन्यांचा पगार आणि सगळ्यांच्या कर्जाचे हप्ते ज्या एनएसीएचवरून जातात ती यंत्रणाही ऑगस्ट २०२१ पासून सुट्टी घेत नाही. रिझर्व्ह बँकेने मालकवर्गाची एक पिढीजात सबब अशी हिसकावून घेतली आणि त्याबद्दल कुठल्याही औद्योगिक संघटनेने साधा निषेधही केला नाही.

‘एक कुटुंब’ वाचून मेंटेनन्सचे मामा म्हणाले, “म्हणजे जास्तच वाईट आहे.” मामांचं निरीक्षण असं, की पगारवाढीच्या वेळी कंपनी ही ‘इंडस्ट्री’ असते, ओव्हरटाइम मागायला गेलं की ‘बिझनेस’ असते, आणि पैसे नसले की कुटुंब होते. ‘अफवांवर विश्वास ठेवू नये’ हे वाचेपर्यंत निम्म्या लोकांना अफवा आहे हेच ठाऊक नव्हतं. ते लगेच ती शोधायला निघाले. चार वाजेपर्यंत कंपनी गुजरातला चालली होती, पाचपर्यंत मालकांच्या घरी धाड पडली होती. आणि खाली सही करणारे ते ‘व्यवस्थापन’ नावाचे गृहस्थ कोण, कोणत्या केबिनमध्ये बसतात, त्यांना जाऊन विचारता येईल का, हे तर आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

मी मॅडमना म्हटलं, “तारीख सांगा, मग लिहितो.”

“तारीख नका घालू. तारीख घातली की लोक धरून बसतात.”

“पण लोकांना तीच हवी असते ना?”

“अहो, आपल्यालाच माहीत नाही तर कशी घालणार?”

इथे माझ्या लक्षात आलं की हे काम मराठी चांगलं असण्याचं नाही, अकाउंट्समध्ये जाऊन बसण्याचं आहे. शब्द कितीही गोंजारले तरी ‘लवकरात लवकर’मधून तारीख निघत नाही. ती निघते बँकेच्या खात्यातून आणि येणं असलेल्या बिलांतून.

अकाउंट्सचे काका टेबलावर डब्याशेजारी वही उघडून बसले होते. संगणक समोर असला तरी खरा हिशोब ते वहीतच करतात, कारण संगणकावरचा आकडा कोणीही बघू शकतो. त्यांनी मला परिस्थिती सांगितली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला आमच्या कंपनीची गोष्ट एखाद्या बऱ्या कथेसारखी वाटली.

आमची माणसं एकशे वीस. हातात पडणारा सगळा पगार मिळून ३१ लाख. खात्यात, विजेचं बिल बाजूला काढून, १४ लाख. एका मोठ्या ग्राहकाकडून २७ लाख यायचे होते. हा ग्राहक एका गुरुवाराआड पैसे सोडतो. मागचा गुरुवार होता ३० जुलै. त्या यादीत आमची बिलं लागलीच नाहीत, कारण आम्ही पाठवलेल्या एका लॉटमध्ये चारशे ब्रॅकेटांच्या भोकांना बर निघाली. बर म्हणजे पत्र्याला भोक पाडताना कडेला राहते ती धारदार कोर. बोट फिरवलं तर कापतं. डायची धार गेली की येते. ग्राहकाच्या तपासणीवाल्यांनी अख्खा लॉट होल्डवर टाकला, त्यामुळे माल मिळाल्याची त्यांच्याकडची नोंद, म्हणजे जीआरएन, झाली नाही. जीआरएन नाही म्हणजे त्यांच्या संगणकाच्या लेखी माल आलेलाच नाही, मग बिल कसलं आणि पैसे कसले? आपली दोन पोरं कानस घेऊन त्यांच्या गोडाउनला जाऊन बसली आणि चारशेच्या चारशे भोकं घासून आली. होल्ड निघाला, पण तोवर गुरुवार गेला होता.

“पुढचा गुरुवार १३ ऑगस्ट,” काका म्हणाले. “त्यांची यादी मंगळवारी बंद होते. मंगळवारच्या आत जीआरएन झाला तर तेराला संध्याकाळी पैसे खात्यात. नाही झाला तर सत्तावीस.”

“झालाय का?”

“उद्या होईल म्हणाले.”

“तुम्हाला काय वाटतं?”

काकांनी डब्याचं झाकण लावलं. त्यांना जे वाटत होतं ते बहुधा सूचनेत घालण्यासारखं नव्हतं.

म्हणजे पैसे तेराला संध्याकाळी. त्यानंतर पगाराची फाइल बँकेच्या साइटवर चढवायची. ती एक जण चढवतो आणि दुसऱ्याने मंजूर करायची असते. हे दुसरे म्हणजे धाकटे साहेब, ज्यांच्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि जे बहुधा त्याच वेळी लोणावळ्याच्या घाटात असतात. एखाद्याचा खाते क्रमांक चुकलेला निघतो, कोणाची बँक दुसऱ्या बँकेत विलीन होऊन आयएफएससी बदललेला असतो, ते पैसे परत येतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. तेव्हा तेरा तारीख लिहिणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. चौदा, शुक्रवार, हा खरा दिवस. त्याच्या पुढे पंधरा ऑगस्टची सुट्टी, मग रविवार. चौदा हुकली की सतरा. आणि सतरा लिहिली की लोक हिशोब मांडतात : सातऐवजी सतरा म्हणजे दहा दिवस, म्हणजे यांच्याकडे पैसेच नाहीत.

पण चौदा लिहायची तर ग्राहकाने दगा दिला तर काय, याचं उत्तर आधी खिशात हवं. नाहीतर चौदाला दुसरी सूचना लावावी लागते, आणि पगाराच्या उशिराबद्दलची दुसरी सूचना कोणी वाचत नाही, ती वाचायच्या आधी लोक नोकरीच्या साइटवर माहिती भरायला घेतात. उशीर एकदा माफ होतो. दिलेली तारीख मोडली की पुढच्या तीन महिन्यांच्या सगळ्या तारखा खोट्या ठरतात, त्यात कँटीनच्या जेवणाच्या वेळाही आल्या.

काकांकडे उत्तर होतं, पण ते बोलायला घाबरत होते. मोठ्या साहेबांची वीस लाखांची मुदत ठेव. तिच्यावर बँक नव्वद टक्के, म्हणजे अठरा लाख, कर्ज देते. ठेव मोडावी लागत नाही. ती ठेव धाकट्या साहेबांच्या नव्या गाडीसाठी आहे हे अख्ख्या कंपनीला ठाऊक होतं. रंगसुद्धा ठाऊक होता.

“आणि अठरात भागेल?” मी विचारलं.

“भागेल. पण सगळ्यांना कशाला थांबवायचं?” असं म्हणून काकांनी वहीचं पान उलटलं. एकशे विसातले सत्तर जण अठरा हजारांच्या आतले. त्यांचा सगळा मिळून पगार साडेअकरा लाख. तो सातलाच पूर्ण देता येत होता. उरले अडीच लाख. बाकीचे पन्नास जण म्हणजे साडेएकोणीस लाख. त्या पन्नासांपैकी ज्यांचा घराचा किंवा गाडीचा हप्ता सात ते चौदाच्या मधे येतो, त्यांना आधी दहा-दहा हजार उचल.

ही उचलीची गोष्ट मला काकांनी नीट समजावली, आणि सूचना लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी अशी आहे. हप्ता दहा तारखेचा असेल तर तो दहाला सकाळीच खात्यावर मागायला येतो. त्या वेळी पैसे नसले तर परत जातो. मग पगार त्याच संध्याकाळी झाला तरी त्याचा उपयोग नाही. अनेक बँका अशा परत गेलेल्या हप्त्याला पाचशे रुपये आणि वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये लावतात. कर्ज देणारी कंपनी आपला दंड वेगळा लावते, आणि तिचा वसुलीवाला जो फोन करतो तो हमखास शिफ्ट चालू असताना करतो. म्हणजे ‘थोडा विलंब’ हा कंपनीच्या लेखी थोडा असतो. कर्मचाऱ्याच्या लेखी तो हजार-बाराशे रुपयांचा आणि वर सिबिलवर डाग असा असतो. सूचनेत दिलासा द्यायचा तर तो इथे द्यायचा, कुटुंब वगैरे म्हणून नव्हे.

टाइम ऑफिसने चौकशी केली. पन्नासांतले चोवीस जण हप्त्यात अडकणारे निघाले. दोन लाख चाळीस हजार. उरलं देणं सतरा लाख दहा हजार. ठेवीवरचे अठरा लाख त्याला पुरून उरत होते. काकांनी ‘पुरले’ असं वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. तारीख तयार झाली होती. आता ती मालकांकडून मंजूर करून घ्यायची होती.

बैठकीला मोठे साहेब, धाकटे साहेब, मॅडम, काका आणि लेखनिक म्हणून मी. मोठ्या साहेबांनी ठेवीचं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बराच वेळ बघितलं. धाकट्या साहेबांनीही बघितलं, पण त्यांना बहुधा पार्किंग दिसत होतं. शेवटी मोठे साहेब म्हणाले, “ठीक आहे. गरज लागली तर.” एवढ्यावर चौदा तारीख उभी राहिली.

भांडण झालं ते कारणावरून. माझ्या मसुद्यात होतं : ‘एका मोठ्या ग्राहकाचं पेमेंट पुढे गेल्यामुळे’. धाकटे साहेब म्हणाले, “एवढं कशाला सांगायचं? लोक घाबरतील. तांत्रिक कारण लिहा.” गंमत अशी की या खेपेला कारण खरोखरच तांत्रिक होतं. भोकाला बर आली होती, याहून तांत्रिक काय असणार? पण हा शब्द आधीच्या खोटेपणात इतका वापरून झाला होता की आता खऱ्यालाही उपयोगी पडेना.

मोठ्या साहेबांना उलट सगळंच सांगायचं होतं. “लिहा, की प्रेसशॉपच्या दुसऱ्या शिफ्टने चारशे पीस खराब काढल्यामुळे सर्वांचा पगार लांबला आहे. कळू दे एकदा.” मी हात जोडले. खरं सांगणं वेगळं आणि खऱ्याचा दांडका करणं वेगळं. दुसऱ्या शिफ्टने डायला धार लावा म्हणून पंधरा दिवस आधी लिहून दिलं होतं, आणि टूलरूमने ‘उत्पादन थांबवता येणार नाही’ असा शेरा मारून तो कागद परत केला होता. शेऱ्याखाली सही कोणाची होती ते मोठ्या साहेबांना चांगलं माहीत होतं, कारण ती त्यांच्यासारखीच दिसते आणि त्यांच्याच मुलाची आहे. कारण एका वाक्यात, कोणाकडे बोट न दाखवता, पण प्रेसशॉपमधल्या माणसालाही ‘हे खरं आहे’ असं वाटेल इतपत सांगायचं ठरलं.

मग मॅडमनी कायद्याचा मुद्दा काढला. “सूचना आधी लावली की कायद्याचं भागतं ना?” भागत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सातच्या आत, हजार आणि त्याहून जास्त माणसं असली तर दहाच्या आत, असाच नियम होता. शेवटी शेवटी त्याचं कवच २४,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झाली, आणि आता सात तारीख साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना आहे. कितीही गोड सूचना लावली तरी तिने आठ तारखेची सात होत नाही. सूचना फक्त इतकंच करते की माणसाला सातच्या सकाळी एटीएमसमोर कळण्याऐवजी चारच्या दुपारी कळतं, आणि मधल्या तीन दिवसांत तो भावाकडे, भिशीत किंवा किराणावाल्याकडे काही सोय लावू शकतो. म्हणून ‘नियमानुसार’ हा शब्द मी मसुद्यातून काढला. काकांनी सुटकेचा श्वास सोडला.

‘सहकार्याबद्दल धन्यवाद’ही गेलं. सहकार्य अजून कोणी केलेलं नव्हतं, आणि न मागता उसने घेतलेल्या पैशांबद्दल आगाऊ आभार मानणारा माणूस फार सभ्य दिसत नाही. त्या जागी ‘दिलगीर आहोत’ आलं. मोठे साहेब म्हणाले, “दिलगीर जरा जास्त होतंय.” मी म्हटलं, साहेब, एकतीस लाखांवर एक शब्द आहे. त्यांनी ठेवला.

सहीवर मात्र पंधरा मिनिटं गेली. प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सुचवलं. शेवटी ज्यांच्या ठेवीवर सगळं उभं होतं त्यांनीच करावी असं ठरलं, कारण माणसाने आपल्या पैशाखाली सही केलेली असली की तो तारीख विसरत नाही.

मंगळवारी, ४ ऑगस्टला, जेवणाच्या सुट्टीच्या आधी फलकावर हे लागलं :

“जुलै महिन्याचा पगार ७ ऑगस्टला सर्वांना पूर्ण देता येणार नाही. एका मोठ्या ग्राहकाकडून ३० जुलैला यायचे पैसे मालाच्या तपासणीत अडकल्यामुळे आलेले नाहीत. तपासणी आता पूर्ण झाली आहे. ते पैसे १३ ऑगस्टला अपेक्षित आहेत.

ज्यांचा हातात येणारा पगार १८,००० रुपयांपर्यंत आहे त्यांना तो ७ ऑगस्टलाच पूर्ण मिळेल.

बाकी सर्वांचा पूर्ण पगार शुक्रवार, १४ ऑगस्टला संध्याकाळी ५ पर्यंत खात्यात जमा होईल. ग्राहकाचे पैसे आले नाहीत तरी ही तारीख बदलणार नाही. त्यासाठी मुदत ठेवीवर कर्जाची सोय केली आहे.

यांपैकी ज्यांचा कर्जाचा हप्ता ७ ते १४ ऑगस्टदरम्यान आहे, त्यांना १०,००० रुपयांपर्यंत उचल ७ तारखेला मिळेल. नाव उद्या, बुधवारी, टाइम ऑफिसमध्ये द्यावं. तरीही या उशिरामुळे हप्ता परत गेला, तर बँकेचा आणि कर्ज कंपनीचा दंड कंपनी भरून देईल. खात्याचा उतारा आणावा.

जुलैचा पीएफ १५ तारखेच्या आत भरला जाईल. भरल्याची पावती इथेच लावू.

काही विचारायचं असेल तर अकाउंट्समध्ये रोज ४ ते ५ या वेळात यावं. पगार उशिरा होत आहे याबद्दल मी दिलगीर आहे.”

खाली मोठ्या साहेबांची सही. मी मुद्दाम त्यात ‘विलंब होण्याची शक्यता’ शोधून पाहिली. नव्हती.

पीएफची ओळ मामांच्या सांगण्यावरून घातली होती. त्यांचं म्हणणं, कंपनी बुडायला लागली की आधी पीएफ थकतो, मग पगार, म्हणून पगार थकला की माणूस आधी पीएफचं पासबुक उघडतो. आपणच आधी सांगितलं तर तो निदान जेवून मग उघडेल.

सूचनेपुढे गर्दी झाली. फोटो निघाले. पण भावाला फोन कोणी लावला नाही, कारण विचारायचं काही राहिलंच नव्हतं. एकाने ‘१४’वर पेनाने गोल केला. टपरीवाल्याने तो फोटो झूम करून वाचला, वहीत प्रत्येक नावापुढे ‘१४’ लिहिलं आणि अठरा हजारांच्या आतल्यांपुढे ‘७’. आमचे पगार आता त्यालाही ठाऊक झाले. सूचनेत ही एक त्रुटी राहिली. पगाराच्या आकड्यावरून रेघ मारली की रेघेच्या या बाजूला कोण आणि त्या बाजूला कोण हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. दोन सुपरवायझर, ज्यांनी आजवर आपला पगार तीसच्या वर असल्याचा भास ठेवला होता, त्यांना सातला पूर्ण पगार घेताना फार जड गेलं.

अकाउंट्समध्ये चार ते पाच ही वेळ दिल्यामुळे पहिल्या दिवशी रांग लागली. पगाराबद्दल विचारायला त्यातले दोघे होते. बाकीच्यांना रजा किती शिल्लक आहेत, मार्चमधला ओव्हरटाइम कुठे गेला, पगाराच्या स्लिपवरचा दोनशेचा ‘व्यवसाय कर’ हा कोणता व्यवसाय, असं जाणून घ्यायचं होतं. इतक्या वर्षांत विचारायची ठरलेली वेळ त्यांना प्रथमच मिळाली होती. काकांनी दुसऱ्या दिवशी डबा साडेतीनला संपवला.

तेराला संध्याकाळी साडेसहाला २७ लाख आले. धाकट्या साहेबांचा ओटीपी घाटात अडकला नाही, कारण गाडीच्या ठेवीचं काय होतं हे बघायला ते स्वतःच अकाउंट्समध्ये येऊन बसले होते. पगार रात्रीच झाला. खाते क्रमांक चुकल्यामुळे दोघांचे पैसे परत आले, ते चौदाच्या दुपारी गेले. सतराला सोमवारी पीएफची पावती फलकावर लागली, चौदा तारखेची.

मोठे साहेब इतके खूश झाले की सूचनेची प्रत त्यांनी शेजारच्या कारखानदारांना पाठवली. तीच प्रत फिरत फिरत आमच्या मागच्या गल्लीतल्या गाळ्यात पोचली. तिथे एक गृहस्थ आठ माणसं ठेवून आमच्या ब्रॅकेटांना पावडर कोटिंग करतात. त्यांचं मे महिन्याचं बिल आमच्याकडे अजून पडून आहे. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, हा २००६ चा कायदा काकांना तोंडपाठ आहे. आमच्या ग्राहकाला फोन करताना ते तो कलमासकट म्हणून दाखवतात.

त्या गृहस्थांचा फोन मी समोर असतानाच आला. स्पीकरवर होता. “काका, तुमची सूचना वाचली. फारच छान. आमच्याही पोरांना एक लावायची आहे. बाकी सगळं तसंच उतरवून घेतलंय, फक्त तुमच्या पेमेंटची तेवढी तारीख सांगा.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, फोन कानाला लावला आणि म्हणाले, “प्रोसेसमध्ये आहे हो. लवकरात लवकर होईल.”